चित्र काढल्यावर त्या जागी

मूर्तिभंजन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तुटलेलं नाक, छाटलेले हात आणि बाहेरून चाल करून आलेला घणवाला येतो. तसं घडलं, पुष्कळदा घडलं. पण प्रतिमाबंदीच्या इतिहासाचा फार मोठा भाग घरच्याच माणसांनी, आपल्याच प्रार्थनास्थळात, शिडी लावून, छिन्नीने हळूहळू केलेला आहे. आणि चित्र काढून टाकल्यावर भिंत त्यांनी बहुधा रिकामी ठेवलेली नाही. काय काढलं यापेक्षा त्या जागी काय बसवलं, हे मला जास्त पाहण्यासारखं वाटतं. कारण काढण्याची कृती सगळीकडे जवळजवळ सारखीच दिसते. धर्माधर्मांतला फरक बसवण्यात दिसतो.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण आज अस्तित्वात नाही. तुर्कस्तानातल्या इझनिक गावात, म्हणजे जुन्या निकाया शहरात, मेरीच्या महानिर्वाणाला वाहिलेलं एक चर्च होतं. १९२२ मध्ये ग्रीक-तुर्की युद्धात ते उद्ध्वस्त झालं. मात्र त्याच्या दहा वर्षं आधी काढलेले फोटो शिल्लक आहेत. वेदीच्या मागच्या अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर बाळ येशूला घेऊन उभी असलेली मेरी त्यांत दिसते. नीट पाहिलं तर तिच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांपासून थोडं दूर, सोन्यात जोडाच्या रेघा दिसतात. त्या रेघा जोडत गेलं की एका मोठ्या क्रुसाची आकृती तयार होते.

हे कसं झालं ते समजायला मोझेकचं काम कसं चालतं ते पाहावं लागतं. भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे थर चढवतात. शेवटचा थर ओला असतानाच त्यात काचेचे चौकोनी तुकडे एकेक करून दाबतात. सोनेरी तुकड्यात काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख असतो. गिलावा सुकण्याआधी जेवढं बसवून होईल तेवढाच भाग एका वेळी लिंपायचा, आणि तुकड्यांच्या ओळी आकृतीच्या कडेने वळवत न्यायच्या. अशा भिंतीतून एखादी आकृती काढायची तर तिच्या कडेने गिलाव्यापर्यंत कापावं लागतं, तेवढा भाग खरवडून नवा गिलावा भरावा लागतो आणि नवे तुकडे बसवावे लागतात. कारागीर कितीही हुशार असला तरी नव्या सोन्याची छटा जुन्याशी तंतोतंत जुळत नाही आणि ओळींची दिशा जोडापाशी तुटते. निकायाच्या भिंतीवर हे एकदा नाही, दोनदा झालं. आधी मेरी होती. ती काढून क्रूस बसवला. मग क्रूस काढून पुन्हा मेरी आली. नॉक्राटिओस नावाच्या कुणीतरी तिथे लेख लिहवून ठेवला की या पवित्र प्रतिमा आपण पुन्हा उभ्या केल्या.

मधला तो क्रूस आला बायझंटाइन सम्राटांच्या धोरणातून. तिसऱ्या लिओच्या काळात, ७३० च्या आसपास, चर्चमधल्या प्रतिमांविरुद्ध राजसत्ता उभी राहिली. त्याचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाइन याने ७५४ मध्ये हिएरिया इथे ३३८ बिशपांची परिषद भरवून प्रतिमांवर बंदी घातली. त्याचा युक्तिवाद साधा नव्हता. ख्रिस्तात ईश्वर आणि माणूस एकत्र आहेत. मग चित्रकाराने नेमकं कुणाचं चित्र काढलं? ईश्वराचं म्हणाल तर अमर्यादाला रेघेत कोंडल्याचा दोष येतो. फक्त माणसाचं म्हणाल तर ख्रिस्ताचे दोन तुकडे केल्याचा. त्याच्या मते ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, ती म्हणजे प्रसादाची भाकर आणि द्राक्षासव.

याला सर्वांत जोरकस उत्तर दिलं ते दमास्कसच्या जॉन या साधूने. गंमत अशी की तो ते देऊ शकला, कारण तो मुसलमान खलिफाच्या राज्यात राहत होता आणि ख्रिस्ती सम्राटाचा हात तिथवर पोहोचत नव्हता. तो म्हणाला, देव अदृश्य होता तोवर त्याचं चित्र काढणं चूकच होतं. पण त्याने देह धारण केला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, तर जे दिसलं ते रंगवायला हरकत कसली? चित्रापुढे वाकणारा लाकडापुढे वाकत नाही, चित्र ज्याचं आहे त्याला तो मान पोहोचतो. मूर्तिपूजेच्या बाजूने आपल्याकडेही लोक थेट असंच बोलतात. म्हणून मला हा वाद कधी परका वाटला नाही.

७८७ मध्ये प्रतिमांना पुन्हा मान्यता देणारी परिषद भरली, तीही निकायातच. ८१५ मध्ये बंदी परत आली आणि ८४३ मध्ये कायमची उठली. पण एक क्रूस मात्र वाचला. इस्तंबूलच्या हागिया आयरीन चर्चमध्ये तो आजही सोनेरी अर्धघुमटात उभा आहे. त्याचे आडवे हात मुद्दाम खाली झुकवलेले आहेत. घुमटाच्या गोलाईवर सरळ हात काढले असते तर ते खालून वर गेल्यासारखे दिसले असते. प्रतिमा नाकारणाऱ्यांचं काम ओबडधोबड असणार असं ज्याला वाटतं त्याने हा क्रूस पाहावा.

चेहऱ्याच्या जागी अक्षरं आणणारी दुसरी वाट नाण्यांवरून जाते. ६९० च्या दशकात सम्राट दुसऱ्या जस्टिनियनने सोन्याच्या नाण्यावर दर्शनी बाजूला ख्रिस्ताचा चेहरा आणला आणि स्वतः मागच्या बाजूला गेला. ख्रिस्ताचा चेहरा नाण्याची दर्शनी बाजू व्यापून बसण्याचा हा पहिलाच प्रसंग. तोवर अरब राज्यकर्ते बायझंटाइन धर्तीचीच नाणी पाडत होते, फक्त पायऱ्यांवरच्या क्रुसाची आडवी पट्टी त्यांनी काढून टाकली होती. पायऱ्यांवर नुसता खांब उरला होता. खलिफा अब्द अल-मलिकने मग तलवारधारी उभ्या खलिफाचं चित्र असलेला दिनार काढून पाहिला. ६९६-९७ मध्ये त्याने तेही सोडलं. सव्वाचार ग्रॅमच्या त्या नव्या दिनारावर दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं आहेत. ईश्वर एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही, तो कुणापासून जन्मला नाही, असा त्यांचा आशय. ख्रिस्ताच्या चेहऱ्याला दिलेलं हे सरळ उत्तर होतं.

अब्द अल-मलिकच्या उमय्या घराण्याला चित्रांचा सरसकट तिटकारा होता असं मात्र म्हणता येत नाही. जॉर्डनच्या वाळवंटातल्या त्यांच्या कुसैर अम्रा या हमामखान्याच्या भिंती शिकारी, नर्तकी आणि स्नान करणाऱ्या बायकांच्या चित्रांनी भरल्या आहेत. दमास्कसच्या मोठ्या मशिदीत मात्र नद्या, झाडं आणि वाडे आहेत, पण एकही जीव नाही. म्हणजे प्रश्न चित्राचा नव्हता, जागेचा होता. जिथे नमाज पढायची आणि ज्यावर राज्याची ग्वाही द्यायची, तिथे प्राणिमात्राचं रूप नको. कुराणात चित्र काढण्यावर थेट बंदी नाही, ती आली हदीसांतून. अब्द अल-मलिकची अक्षरं सरहद्दीपलीकडेही उतरली. ७२० मध्ये तिसऱ्या लिओने चांदीचं नवं नाणं काढलं. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला नुसत्या मजकुराच्या ओळी. त्यातली काही नाणी तर अरबी दिरहमवरच पुन्हा ठसा मारून पाडलेली आहेत.

खलिफाच्या राज्यात राहणाऱ्या ख्रिस्त्यांनी तिसरीच वाट धरली. जॉर्डनमध्ये माईन इथे एका चर्चच्या फरशीवर बैल होता. तो उचकटून तिथे झाड बसवलं, पण बैलाचे खूर आणि शेपूट तशीच राहिली. असे बदल जॉर्डनच्या कितीतरी चर्चांमध्ये दिसतात. काही ठिकाणी तर काढलेलेच तुकडे उलटसुलट करून पुन्हा बसवले आहेत. चित्र ओळखू येऊ नये, पण फरशीला खड्डा पडू नये. हल्लेखोर एवढी काळजी घेत नाही. हे ज्यांना रोज त्या फरशीवर उभं राहून प्रार्थना करायची होती त्यांचंच काम. जेरिकोजवळ नाआरान इथल्या सिनेगॉगमध्ये राशिचक्रातल्या आकृती खरवडल्या आहेत आणि त्यांच्याशेजारची हिब्रू अक्षरं जपून ठेवली आहेत. ज्यू माणसाच्या लेखी अक्षराला हात लावणं हे चित्र फोडण्यापेक्षा जड होतं.

आठशे वर्षांनी इंग्लंडमध्ये प्रोटेस्टंट सुधारकांनीही अक्षरंच निवडली. नॉरफकमधल्या बिनहॅमच्या मठाच्या चर्चमध्ये लाकडी पडदीवर संतांची चित्रं होती. त्यांवर सफेदी फिरवून काळ्या जाड अक्षरांत १५३९ च्या इंग्रजी बायबलमधला मजकूर रंगवला. ती सफेदी आता झिजली आहे. अक्षरांच्या ओळींमधून संतांचे चेहरे दिसतात, आणि वाचायला गेलं की चेहरे आडवे येतात. इथे अक्षराचं काम दिनारापेक्षा वेगळं होतं. दिनार ग्वाही देत होता. पडदीवरचा मजकूर प्रत्येकाने आपल्या भाषेत वाचायचा होता.

भारतात आलेल्या अक्षरी नाण्याचं पुढे जे झालं त्याने मात्र सगळे सोपे ठोकताळे मोडतात. शिहाबुद्दीन घोरीने गंगेच्या खोऱ्यातलं राज्य जिंकल्यावर तिथलीच धाटणी उचलून सोन्याचं नाणं पाडलं. त्यावर एका बाजूला बसलेली लक्ष्मी आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत त्याचं नाव. लक्ष्मीचं नाणं त्या मुलखात गांगेयदेव कलचुरीच्या काळापासून चालत आलं होतं आणि व्यापाऱ्याचा विश्वास त्या चित्रावर होता. देवळं फोडणाऱ्या राजाने नाण्यावरची देवी ठेवली. त्याच्यानंतरच्या सुलतानांनी ती काढली आणि दख्खनेत बहामनी, निजामशाही, आदिलशाही नाणी अक्षरीच राहिली. त्यांच्या शेजारी विजयनगरच्या होनांवर शिवपार्वती आणि बाळकृष्ण होते.

१६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. दोन नमुने समोर होते, विजयनगरचा आणि सुलतानांचा. भवानीचा भक्त असलेल्या या राजाने होन आणि शिवराईवर देवीची मूर्ती घातली नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढंच नागरीत. दमास्कसमध्ये ख्रिस्ताच्या चेहऱ्याला उत्तर म्हणून सुरू झालेली ही धाटणी जवळजवळ हजार वर्षांनी रायगडावर पोहोचेपर्यंत कुणा एका धर्माची उरली नव्हती. दख्खनच्या बाजारात नाणं असंच दिसायचं, आणि महाराजांनी त्यात फारसीच्या जागी नागरी आणली.