सोफ्यावर बसलेली ती पोरं कोणाची? भास दाखवणारा डिमेन्शिया अल्झायमरपेक्षा वेगळा का, आणि त्याची औषधं वेगळी का

सातारा जिल्ह्यातल्या एका घरातलं दृश्य डोळ्यासमोर आणा. ७४ वर्षांचे निवृत्त शिक्षक सकाळचा चहा घेत बसलेत. बायकोला म्हणतात, "अगं, त्या पोरांना पण पोहे दे ना. कधीची बसलीत." ती विचारते, "अहो, कुठली पोरं?" ते सोफ्याकडे बोट दाखवतात. लाल स्वेटर घातलेली दोन लहान मुलं, गप्प बसलेली. सोफा रिकामा असतो.

घरच्यांना वाटतं, म्हातारपण आलं, आता विसरायला लागले, आता भ्रमही व्हायला लागला. पण गंमत अशी की सर विसरत नाहीत. काल कोण येऊन गेलं, भाचीचं लग्न कोणत्या तारखेला आहे, सगळं सांगतात. हीच विसंगती महत्त्वाची आहे. हा प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट या आजारात नेहमी दिसणारी आहे.

डिमेन्शिया म्हणजे एकच आजार नव्हे

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. विचार करण्याची, लक्षात ठेवण्याची, रोजचे व्यवहार सांभाळण्याची क्षमता कमी होत जाते, त्या अवस्थेचं ते नाव आहे. तिच्यामागे वेगवेगळे आजार असू शकतात. सर्वात जास्त आढळतो तो अल्झायमर. त्यात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं साचतात आणि सहसा पहिला घाव हिप्पोकॅम्पसवर बसतो. नवीन आठवण साठवण्याचं काम मेंदूच्या याच भागात होतं. म्हणून अल्झायमरची सुरुवात बहुतेक वेळा विसरण्यातून होते. दहा मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला जातो. आठवण करून दिली तरी आठवत नाही, कारण ती गोष्ट साठवलीच गेलेली नसते.

सरांचा आजार वेगळा आहे. त्याला लुई बॉडी डिमेन्शिया म्हणतात. फ्रिट्झ लेवी या जर्मन डॉक्टरांनी १९१२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत पेशींच्या आत साचलेले बारीक गोळे पाहिले. त्यांच्या आडनावाचा इंग्रजी उच्चार 'लुई', म्हणून त्या गोळ्यांना लुई बॉडी हे नाव पडलं. ते मुख्यतः अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे असतात, हे १९९७ मध्ये कळलं. हे गोळे मेंदूच्या खालच्या भागातच राहिले तर पार्किन्सनची लक्षणं दिसतात. विचार आणि दृष्टी सांभाळणाऱ्या वरच्या भागांतही पसरले की डिमेन्शिया दिसू लागतो.

ओळखायचं कसं?

डॉक्टर चार गोष्टी शोधतात. त्यातल्या दोन असल्या आणि डिमेन्शियाही असला, तर निदान बऱ्यापैकी पक्कं मानलं जातं.

पहिली गोष्ट म्हणजे स्पष्ट दिसणारे भास. अंधुक सावल्या नव्हेत, तर रंग आणि कपड्यांसकट दिसणारी माणसं, लहान मुलं, कुत्री-मांजरं. ती बहुधा बोलत नाहीत. सुरुवातीला रुग्ण घाबरतही नाही.

दुसरी म्हणजे शुद्धीतला चढउतार. सर सकाळी नऊ वाजता शब्दकोडं सोडवतात आणि दुपारी दोन वाजता भिंतीकडे टक लावून बसतात. हाक मारली तर ओ देत नाहीत, बोलले तर असंबद्ध बोलतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. त्यामुळे शेजाऱ्यांना वाटतं, "काही झालं नाही हो, मुद्दाम करतात."

तिसरी म्हणजे झोपेत हातपाय मारणं. स्वप्न पाहताना शरीर ढिलं पडायला हवं, पण ती यंत्रणा बिघडते आणि माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. सरांच्या बायकोने तर पाच वर्षांपूर्वीच पलंग वेगळा केला होता. झोपेत त्यांची लाथ लागायची. हे लक्षण डिमेन्शियाच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतं, पण डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

चौथी म्हणजे पार्किन्सनसारखी हालचाल. पावलं छोटी, हात आखडलेले, चेहरा भावशून्य. पार्किन्सनच्या रुग्णालाही पुढे डिमेन्शिया होऊ शकतो. तो हालचालीची लक्षणं सुरू होऊन वर्ष उलटल्यावर आला, तर त्याला 'पार्किन्सन्स डिसीज डिमेन्शिया' म्हणतात. विस्मरण आणि भास आधी किंवा त्याच वर्षात आले, तर लुई बॉडी डिमेन्शिया.

एक साधी चाचणी फरक दाखवते. कागदावर घड्याळ काढायला सांगतात. सरांनी बारा आकडे एकाच बाजूला कोंबले. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितल्यावर दोन स्वतःहून आठवले आणि तिसरा 'फळाचं नाव होतं' असा इशारा देताच आठवला. अल्झायमरच्या सुरुवातीला साधारण याच्या उलट होतं. तिथे चित्र बरं निघतं, पण शब्द इशाऱ्यानेही सापडत नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. भास एका-दोन दिवसांतच अचानक सुरू झाले, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं कमी झालेलं सोडियम किंवा नुकतंच सुरू झालेलं एखादं औषध तपासावं लागतं. नजर खूप अधू झालेल्या माणसाला डिमेन्शिया नसतानाही चित्रं दिसू शकतात, म्हणून मोतीबिंदूही तपासतात.

चूक कुठे होते?

सरांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा घरच्यांनी एवढंच सांगितलं की त्यांना माणसं दिसतात. भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉल हे जुनं, स्वस्त, सगळीकडे मिळणारं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सर लाकडासारखे ताठ झाले. घास गिळता येईना, डोळे उघडेनात. घरच्यांना वाटलं, आजार झपाट्याने वाढला. खरं तर तो औषधाचा परिणाम होता.

असं का होतं? भास दाबणारी बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामीन या रसायनाचा मार्ग अडवतात. हालचाल सुरळीत ठेवायलाही डोपामीनच लागतं. लुई बॉडी आजारात डोपामीन बनवणाऱ्या पेशी आधीच मोठ्या प्रमाणात मेलेल्या असतात. उरलेल्या थोड्या डोपामीनवर गाडा कसाबसा चाललेला असतो, त्यात हे औषध उरलेली वाटही बंद करतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की अशी औषधं दिलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना अशी तीव्र प्रतिक्रिया आली आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका दोन ते तीन पट वाढला.

अल्झायमरमध्येही ही औषधं निर्धोक नाहीत. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ मध्ये दिला. पण अल्झायमरमध्ये आक्रमकता हाताबाहेर गेली तर थोड्या काळासाठी कमी मात्रेत ती वापरता येतात, कारण तिथे डोपामीनचा साठा एवढा आटलेला नसतो. लुई बॉडीत तीच मात्रा माणसाला अंथरुणाला खिळवू शकते.

धोका फक्त मानसिक आजारांच्या औषधांचा नाही. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही औषधंही मेंदूत डोपामीन अडवतात. प्रवासात उलटी झाली म्हणून घेतलेल्या गोळीनेही असा रुग्ण ताठ होऊ शकतो.

मग द्यायचं काय?

इथे दुसरं रसायन येतं, अ‍ॅसिटाइलकोलीन. लक्ष देणं, जागं राहणं, दिसलेल्याचा अर्थ लावणं यासाठी ते लागतं. अल्झायमरमध्ये ते कमी होतं, पण लुई बॉडीत ते लवकर आणि जास्त कमी होतं. मात्र ज्या पेशींपर्यंत ते पोहोचायचं, त्या सुरुवातीला तुलनेने शाबूत असतात. म्हणून अ‍ॅसिटाइलकोलीन टिकवून धरणारी रिव्हास्टिग्मीन आणि डोनेपेझिल ही औषधं इथे बरेचदा अल्झायमरपेक्षा जास्त उठून दिसणारा फरक दाखवतात. अल्झायमरमध्ये त्यांचा उपयोग स्मरणशक्तीसाठी होतो आणि तो माफक असतो. लुई बॉडीत भास कमी होतात आणि शुद्धीतला चढउतार आटोक्यात येतो.

सरांचं हॅलोपेरिडॉल बंद झालं. ताठरपणा उतरायला बरेच दिवस लागले. मग हृदयाचा आलेख काढून रिव्हास्टिग्मीन सुरू झालं, कारण या औषधाने नाडी मंदावू शकते. सुरुवातीची मात्रा १.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली. त्यावर मेटोक्लोप्रामाइड न देता डॉक्टरांनी मात्रा हळू वाढवली. दीड महिन्याने पोरं रोज येण्याऐवजी आठवड्यातून एकदा येऊ लागली.

भासांनी रुग्ण फारच घाबरत असेल तर क्वेटियापीन हे डोपामीनला कमी अडवणारं औषध अगदी छोट्या मात्रेत, साधारण १२.५ मिलिग्रॅमपासून, लक्ष ठेवून दिलं जातं. तेही पूर्ण निर्धोक नाही.

हालचालीसाठी लेव्होडोपा देतात, पण त्याने डोपामीन वाढतं आणि भासही वाढू शकतात. म्हणून ते कमीत कमी मात्रेत. कंप थांबवणारं ट्रायहेक्सिफेनिडिल मात्र टाळतात, कारण ते अ‍ॅसिटाइलकोलीन अडवतं. वारंवार लघवी होते म्हणून दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दी-खोकल्याच्या काही गुंगी आणणाऱ्या औषधांचंही तेच. एका हाताने रिव्हास्टिग्मीन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचा परिणाम पुसायचा, असं नकळत अनेक घरांत घडतं.

यातलं कोणतंही औषध आजार थांबवत नाही. लक्षणं काही काळ सुसह्य होतात, इतकंच. रिव्हास्टिग्मीन अचानक बंद केलं तर भास एकदम उसळू शकतात, म्हणून ते बंद करायचं तरी डॉक्टरांना विचारूनच. शिवाय अनेक वृद्धांच्या मेंदूत अल्झायमर आणि लुई बॉडी दोन्ही एकत्र सापडतात. म्हणून विस्मरणाच्या रुग्णाला पुढे कधी भास सुरू झाले, तर निदान पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

घरच्यांच्या हातात काय आहे?

डॉक्टरांकडे जाताना 'विसरतात' एवढं सांगून थांबू नये. काय दिसतं, दिवसातून कधी हरवल्यासारखे होतात, झोपेत काय करतात, किती वेळा पडले, हे लिहून न्यावं. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा.

निदान झाल्यावर एक चिठ्ठी कायम पाकिटात असावी: 'लुई बॉडी डिमेन्शिया. हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन देऊ नये.' अशा रुग्णांचं मांडीचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, रात्री ते बडबडू लागतात आणि त्यांना शांत करायला नेमकं तेच इंजेक्शन दिलं जाऊ शकतं. त्या वेळी रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही.

सरांची बायको आता वाद घालत नाही. पोरं आली की विचारते, "त्रास देतात का हो?" ते म्हणतात, "नाही, बसलीत नुसती." मग ती दिवा लावते आणि त्यांना हाताला धरून अंगणात नेते. परत येईपर्यंत बहुतेक वेळा सोफा रिकामा झालेला असतो.