बटुग्रह म्हणजे ‘छोटा ग्रह’ नव्हे : सेरेसपासून प्राग ठरावापर्यंत

‘बटुग्रह’ हा शब्द मराठीत ऐकला की वाटतं, हा ग्रहाचाच एक लहान प्रकार असणार. बटुमूर्ती म्हणजे जशी लहान पण मूर्तीच, तसंच. पण २००६ च्या व्याख्येनुसार बटुग्रह हा ग्रह नाही. तो वेगळा वर्ग आहे. आता तुम्ही विचाराल, नुसता आकार लहान असल्याने वर्ग कसा बदलतो? बदलत नाही, आणि ते आधी स्पष्ट करून घेऊ. गुरूचा उपग्रह गॅनिमीड सुमारे ५,२७० किलोमीटर व्यासाचा आहे, बुध ४,८८० चा. तरी बुध ग्रह आणि गॅनिमीड उपग्रह. म्हणजे वर्ग ठरवताना ‘किती मोठा’ एवढंच कधी पाहिलेलं नाही. ‘कुठे आहे आणि शेजाऱ्यांशी त्याचं नातं काय’ हेही पाहिलं गेलं. हा दुसरा प्रश्न इतिहासात कसा पुढे आला, ते बघू या.

सुरुवात १ जानेवारी १८०१ पासून. सिसिलीतल्या पालेर्मो इथे जुझेप्पे पियाझ्झी यांना ताऱ्यांच्या यादीचं काम करताना एक ठिपका रोज थोडा सरकताना दिसला. तोच सेरेस. काही आठवड्यांनी तो सूर्याच्या तेजात हरवला, तेव्हा तरुण गाऊसने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधली जागा रिकामी का, हा प्रश्न त्या काळी गाजत होता, आणि सेरेस नेमका त्या जागी होता. त्यामुळे त्याला ग्रह म्हणायला कुणाला अडचण वाटली नाही.

अडचण आली ती १८०२ च्या मार्चमध्ये. ओल्बर्स यांना पॅलस सापडला, आणि तोही जवळजवळ सेरेसच्याच अंतरावर! एका जागी दोन ग्रह कसे? विल्यम हर्शेल यांनी लगेच म्हटलं की हे दुर्बिणीत ताऱ्यासारखे ठिपकेच दिसतात, यांना ‘अ‍ॅस्टेरॉइड’ म्हणजे ताऱ्यासारखे म्हणू या. सगळ्यांना ते पटलं नाही. १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा सापडला, आणि मग बरीच वर्षं काही नाही. पुस्तकांत हे चारही ग्रह म्हणून छापले जात राहिले. १८४५ नंतर मात्र रांगच लागली. १८५१ पर्यंत पंधरा झाले. प्रत्येकाला बुध-शुक्रासारखं वेगळं चिन्ह देणं अवघड होऊ लागलं, तेव्हा बर्लिनच्या पंचांगात एन्के यांनी चिन्हाऐवजी वर्तुळातला आकडा वापरायला सुरुवात केली. कागदावरचा हा साधा बदल, पण त्याने या वस्तू ‘थोर घराण्यातून’ ‘क्रमांकाच्या यादीत’ गेल्या.

इथे एक सावधगिरी. ‘एकोणिसाव्या शतकातच लघुग्रहांची ग्रहपदावरून हकालपट्टी झाली’ ही गोष्ट तुम्हाला अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. २०१९ मध्ये फिलिप मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी ‘इकॅरस’ या नियतकालिकात जुने शोधनिबंध चाळून दाखवलं की शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लघुग्रहांना ‘ग्रह’ म्हणतच होते. त्यांच्या मते खरा बदल झाला तो या वस्तू कशा घडल्या याची समज बदलल्यामुळे. म्हणजे पंचांगातला बदल आणि शास्त्रज्ञांच्या मनातला बदल या दोन वेगळ्या घटना असू शकतात. ‘वर्गीकरण कधी बदललं’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणता पुरावा वाचता यावर ठरतं: यादी, की निबंधातली भाषा.

आता प्लूटो. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना तो छायाचित्रांच्या तुलनेत सापडला. पर्सिव्हल लॉवेल यांनी ज्या अज्ञात ग्रहाचा अंदाज बांधला होता, त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सहा-सातपट असायला हवं होतं. सापडलेला ठिपका मात्र इतका मंद, की दुर्बिणीत त्याची तबकडीच दिसेना. तरी जागा अपेक्षेप्रमाणे होती, म्हणून तो नववा ग्रह झाला. पुढे वस्तुमानाचा अंदाज खाली खाली येत गेला. १९७६ मध्ये त्याच्या पृष्ठभागावर मिथेनचा बर्फ असल्याचं कळलं. बर्फ चकाकतो, म्हणजे तितकाच प्रकाश द्यायला वस्तू लहान असली तरी चालते. अंदाज पृथ्वीच्या शंभराव्या भागाच्या आसपास आला.

खरं वजन मात्र १९७८ मध्ये कळलं. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या प्रतिमेला एक फुगवटा दिसला, आणि तो सुमारे ६.४ दिवसांनी पुन्हा त्याच जागी येत होता. तो प्लूटोचा सोबती शॅरन. सोबती मिळाला की वजन करता येतं, कारण केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जोडीचं एकूण वस्तुमान अंतराच्या घनाच्या सम प्रमाणात आणि फेरीच्या काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. हे आपण पृथ्वी-चंद्राशी तुलना करून स्वतःच करू.

चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, शॅरन प्लूटोपासून सुमारे १९,६०० वर. म्हणजे अंतर १९.६ पट कमी. त्याचा घन साधारण ७,५०० होतो, म्हणून वस्तुमान ७,५०० पट कमी व्हायला हवं. पण चंद्राला एका फेरीला २७.३ दिवस लागतात आणि शॅरनला ६.४. फेरी सुमारे ४.३ पट वेगाने होते, त्याचा वर्ग साधारण १८. तेवढ्या पटीने वस्तुमान परत वाढवायचं. ७,५०० भागिले १८ म्हणजे सुमारे ४१५. थोडक्यात, प्लूटो आणि शॅरन दोघं मिळून पृथ्वीच्या साधारण चारशे-पंधराव्या भागाइतके! एकटा प्लूटो आणखी थोडा कमी, आपल्या चंद्राच्या पाचव्या भागापेक्षाही हलका.

तरीही १९७८ मध्ये कुणी प्लूटोचं पद काढलं नाही. तो विचित्र होता, पण एकटा होता. सेरेसची गोष्ट आठवा: तिथेही प्रश्न आकारामुळे पेटला नाही, शेजारी सापडल्यावर पेटला. प्लूटोचे शेजारी १९९२ पासून सापडू लागले. डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना हवाईतल्या मौना केआवरून नेपच्यूनपलीकडे पहिली अशी वस्तू मिळाली, मग शेकडो मिळाल्या. हाच कायपर पट्टा. आणि २००५ च्या जुलैमध्ये माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ यांनी एरिस जाहीर केला, तेव्हाच्या मोजमापानुसार प्लूटोपेक्षा मोठा. (आज आपल्याला माहीत आहे की व्यास प्लूटोचा किंचित जास्त आहे, वस्तुमान मात्र एरिसचं जास्त.) आता टाळाटाळ शक्य नव्हती: एरिस दहावा ग्रह, नाहीतर प्लूटोही ग्रह नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची महासभा भरली. पहिला मसुदा फक्त गोलाकारावर आधारलेला होता. त्याने सेरेस, शॅरन आणि एरिस धरून बारा ग्रह झाले असते, आणि पुढे किती वाढतील याला मर्यादा नव्हती. उरुग्वेचे हूलिओ फर्नांडेझ आणि गोन्झालो टॅन्क्रेडी यांनी पर्याय मांडला: वस्तूने आपला परिसर मोकळा केला आहे का, तेही पाहा. २४ ऑगस्टला मंजूर झालेल्या ठरावात तीन अटी आल्या. सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाने जवळजवळ गोल होणं, आणि कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं. पहिल्या दोन पाळून तिसरी न पाळणारा, आणि उपग्रह नसलेला, तो बटुग्रह.

याच दिवशीचा एक छोटा ठराव सहसा कुणी सांगत नाही, पण आपला मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. ५-ब क्रमांकाच्या दुरुस्तीत एवढंच म्हटलं होतं की आठ ग्रहांच्या आधी ‘अभिजात’ हा शब्द घाला. तो शब्द गेला असता तर ‘अभिजात ग्रह’ आणि ‘बटुग्रह’ ही ग्रहांचीच दोन कुळं झाली असती. दुरुस्ती नामंजूर झाली, आणि बटुग्रह ग्रहांच्या बाहेर राहिला. म्हणजे ही भिंत एका विशेषणाच्या न येण्याने उभी राहिली.

मग तिसरी अट मनमानी आहे का? ती मोजता येते. स्टीव्हन सोटर यांनी २००६ मध्ये एक सोपं गुणोत्तर सुचवलं: वस्तूचं वस्तुमान भागिले तिच्या कक्षेच्या पट्ट्यातल्या बाकी सगळ्यांचं वस्तुमान. पृथ्वीसाठी हा आकडा सुमारे १७ लाख येतो. सेरेससाठी साधारण ०.३, प्लूटोसाठी ०.१ च्याही खाली. आठही ग्रहांचे आकडे हजारांत किंवा त्याहून वर आहेत, बटुग्रहांचे एकाच्या खाली, आणि मधे कुणीच नाही. आकाराच्या रांगेत कुठेही रेघ मारली तर ती ओढलेली वाटते. इथे रेघ आधीच पडलेली आहे.

‘पण नेपच्यूनने तरी कुठे प्लूटोला हटवलंय?’ हा आक्षेप तुम्हाला हमखास ऐकू येईल. मोकळं करणं म्हणजे झाडून काढणं नव्हे, वर्चस्व असणं. प्लूटोच्या दोन फेऱ्यांत नेपच्यूनच्या बरोबर तीन होतात, आणि या ठेक्यामुळे दोघं कधी जवळ येत नाहीत. हा ठेका नेपच्यूनच्या गुरुत्वाने धरून ठेवला आहे. प्लूटो तिथे आहे तो नेपच्यूनच्या तालावर.

व्याख्येच्या उणिवाही खऱ्या आहेत. ती फक्त सूर्याभोवतीच्या वस्तूंना लागू होते. ‘जवळजवळ गोल’ म्हणजे किती, हे ती सांगत नाही. शिवाय सूर्यापासून जितकं दूर, तितकं परिसर मोकळा करायला जास्त वस्तुमान लागतं, त्यामुळे तीच वस्तू जवळ असती तर पास आणि दूर असल्याने नापास, असं होऊ शकतं. प्लूटोकडे यान नेणारे अ‍ॅलन स्टर्न हाच आक्षेप घेतात: वस्तूचं अंतरंग बदललं नाही, मग वर्ग का बदलावा? गंमत अशी की हॅरॉल्ड लेव्हिसनसोबत परिसर मोकळा करण्याच्या क्षमतेचं गणित आधी मांडणारे स्टर्नच होते. त्या निबंधातही आठ एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला पडतात. फक्त दोन्ही गटांना त्यांनी ग्रहच म्हटलं होतं.

म्हणजे आकड्यांबद्दल वाद नाही. भूशास्त्रज्ञाला प्लूटोवरचे बर्फाचे डोंगर आणि हिमनद्या अभ्यासायच्या आहेत, त्याला गोलाकार पुरेसा आहे. सूर्यमाला कशी घडली आणि तिथे कुणाचं राज्य चालतं हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याला तिसरी अट लागते. प्रागमध्ये दुसऱ्या प्रश्नाला मत मिळालं, आणि तेही सुमारे नऊ हजार सभासदांपैकी ४२४ जणांच्या मतदानातून. उद्या तुम्ही एखाद्या निबंधात ‘ग्रह’ हा शब्द वाचाल तेव्हा लेखक यांपैकी कोणता प्रश्न विचारतोय ते आधी शोधा. व्याख्या कोणती घ्यायची, ते त्यावरूनच कळेल.