पीएच.डी.आधीचा पेपर : एका समजुतीचे खंडन

वारासिवनीत एम.ए., एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या तोंडी गेली काही वर्षे एकच वाक्य आहे. घरी मराठीत, बाजारात हिंदीत, पण अर्थ तोच : पीएच.डी.ला लागायचे तर आधी एक पेपर काढून ठेवा. हा सल्ला मोठा भाऊ देतो, ओळखीचे सर देतात, गोंदिया-नागपूरहून सुटीत आलेली मुलेही देतात. मग मुलगा दीड-दोन हजार रुपये भरतो, आठवड्याभरात त्याचा ‘शोधनिबंध’ छापून येतो आणि घरात पेढे वाटले जातात. मी अनेक वर्षे या मुलांचे अर्ज वाचत आलो आहे. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका वारासिवनी-कटंगीकडच्या पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना बसतो, असे माझे ठाम मत आहे. ते मत इथे कारणांसह मांडतो.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पुऱ्या ताकदीने. तो असा : जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ. सगळ्यांकडे साठ-सत्तर टक्के गुण असतात. समितीने निवडायचे कशावरून? ज्याने एक संशोधन सुरू करून शेवटास नेले आणि ते छापून आणले, त्याने आपली पात्रता करून दाखवली. पेपर हा चारित्र्याच्या दाखल्यासारखा बोलका पुरावा. युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. त्यातला ‘संशोधन शेवटास नेले’ हा भाग मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो छापील कागद हाच त्याचा पुरावा मानण्याला.

ही समजूत आली कुठून, हे पाहिले की अर्धे खंडन होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या पीएच.डी. नियमांत एक अट होती : प्रबंध सादर करण्यापूर्वी उमेदवाराने संदर्भित नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केलेला असावा. २०१६च्या नियमांनी ती अट ठेवली आणि परिषदांमधली दोन सादरीकरणे जोडली. दोन्ही ठिकाणी अट होती ती प्रबंध देताना, म्हणजे चार-पाच वर्षांच्या कामाच्या शेवटी. प्रवेशाच्या दारात ती कधीच नव्हती. पुढे ७ नोव्हेंबर २०२२च्या नियमांत आयोगाने प्रबंधापूर्वीची ही सक्तीसुद्धा काढून टाकली. दुसरा उगम नोकरीतला. २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची चाळणी करताना प्रत्येक शोधनिबंधाला २ गुण ठेवले गेले. नोकरी शोधणाऱ्या मोठ्या भावाला पेपर लागत होता; धाकट्याने तोच नियम पीएच.डी.च्या प्रवेशाला लावला. बाहेर पडण्याची अट आणि नोकरीची अट, या दोन्ही मिळून प्रवेशाची अट बनल्या, आणि नियमावली उघडून पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही.

आता प्रवेशाचे गणित पाहू. २०२४मध्ये आयोगाने नेट परीक्षेचा निकाल पीएच.डी. प्रवेशासाठी खुला केला आणि उत्तीर्णांचे तीन गट केले. पहिल्या गटात शिष्यवृत्तीसह पात्र ठरलेले, म्हणजे जेआरएफवाले. त्यांचा प्रवेश मुलाखतीवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. ज्या विद्यापीठांनी स्वतःची प्रवेश परीक्षा ठेवली, त्यांनाही २०२२च्या नियमांनी हेच ७०-३० प्रमाण घालून दिले. तिथल्या प्रश्नपत्रिकेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर आणि निम्मे विषयावर.

दोन मैत्रिणी धरा, दोघीही ८२ पर्सेंटाइलच्या आसपासच्या. पहिली चार महिने पेपरमागे धावली. तिच्या खात्यात ८२चे ७० टक्के, म्हणजे ५७.४. मुलाखत मंडळाने तिच्या पेपरवर खूश होऊन ३०पैकी २० दिले. एकूण ७७.४. दुसरीने तेच चार महिने अभ्यासाला दिले आणि ती ९०वर पोचली, म्हणजे ६३. तिच्याकडे पेपर नाही म्हणून मंडळाने तिला १६च दिले. एकूण ७९. मुलाखतीत चार गुण मागे राहूनही दुसरी पुढे जाते. मुळात हे चार गुणही मी उदारपणे धरले आहेत. आकडे उदाहरणाचे आहेत. चार महिन्यांत कोणाचे किती वाढेल, हे मी सांगू शकत नाही. पण भार मात्र नियमातला आहे, आणि त्यात पेपर बसतो तो फक्त तीसच्या कप्प्यात, तोही प्रकल्प, प्रस्ताव आणि उत्तरे यांच्या शेजारी दाटीवाटीने.

या तीसच्या कप्प्यात काय घडते, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. २०१६च्या नियमांनी मुलाखत मंडळाला तीन गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या : प्रस्तावित संशोधनाची क्षमता उमेदवारात आहे का, ते काम त्या संस्थेत होऊ शकेल का, आणि त्यातून नवे ज्ञान निघेल का. छापलेल्या पेपरचा त्यात उल्लेखही नाही. अर्जात पेपर दिसला की मंडळ त्याचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी करते.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. बालाघाट जिल्ह्यातल्या चिन्नोर तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा वारासिवनीच्या एका मुलीने ‘चिन्नोरचा सुगंध’ या विषयावर पेपर छापून आणला. मुलाखतीत पहिला प्रश्न येईल : नमुने कुठून आणले, आणि ते चिन्नोरच होते हे कशावरून? दुसरा : सुगंध मोजला कसा? प्रयोगशाळेत यासाठी एक जुनी, स्वस्त रीत आहे. दाणे किंवा पानाचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात सुमारे दहा मिनिटे झाकून ठेवायचे आणि मग झाकण काढून वास घ्यायचा. तिसरा प्रश्न इथूनच निघतो : वास कोणी घेतला? कोणता नमुना कोणाच्या शेतातला, हे त्यांना माहीत होते का? पैसे देऊन, कुणाच्या तरी मदतीने लिहिलेल्या पेपराची मालकीण इथे गप्प बसते. तिचे मौन पेपर नसलेल्या मुलीच्या मौनापेक्षा जड पडते, कारण तिने दावा केलेला असतो.

आता त्याच विषयावर दुसरी मुलगी पाहा. हिने काहीच छापलेले नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पात तिने बारा शेतकऱ्यांकडून बियाणे आणले आणि तिघांकडून वास तपासून घेतला. पहिल्या फेरीनंतर तिच्या लक्षात आले की, डबीवर शेतकऱ्याचे नाव आहे आणि तपासणाऱ्यांपैकी एकाला ते शेत ठाऊक आहे. तिने नावे काढून आकडे टाकले आणि सगळी फेरी पुन्हा केली. दुसऱ्या फेरीत दोन नमुन्यांचा निकाल बदलला. वहीत दोन्ही फेऱ्या तारखेसह आहेत. चुकलेली फेरीही खोडलेली नाही. मंडळापुढे तिने एवढे सांगितले की बाकी पेपराची गरज राहत नाही. तिच्या शिक्षकांनी शिफारसपत्रात ही एक घटना लिहिली, तर ‘विद्यार्थिनी हुशार व मेहनती आहे’ या ठरावीक ओळीपेक्षा तिचे मोल कितीतरी अधिक.

परदेशी प्रवेशाबाबतही हेच. अमेरिकेत ज्युली पॉसेल्ट या संशोधिकेने दहा नामांकित विभागांच्या प्रवेश प्रक्रियेचा अभ्यास केला आणि समित्यांच्या बैठकांत प्रत्यक्ष बसून निरीक्षण केले. त्यावरचे तिचे पुस्तक २०१६मध्ये आले. तिला दिसले की पहिल्या चाळणीत परीक्षेचे गुण आणि मूळ महाविद्यालयाचे नाव यांचाच मोठा वाटा असतो. हे आपल्याकडच्या मुलांवर अन्याय करणारे आहे, आणि ते मी स्पष्ट म्हणतो. वारासिवनीच्या महाविद्यालयाचे नाव तिकडे कोणाला माहीत नसते. पण ही उणीव कोणत्याही सुमार नियतकालिकातल्या पेपराने भरून निघत नाही, कारण त्या नियतकालिकाचे नावही तिथे कोणी ऐकलेले नसते. ती भरून काढायची तर ज्याचे काम तिथे वाचले जाते अशा शिक्षकाने या मुलाला काम करताना पाहिलेले हवे. उन्हाळ्यातले दोन महिने एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत काढणे त्यासाठी अधिक उपयोगाचे.

पूर्वपक्षाला जिथे मान द्यायला हवा तिथे देतो. संगणकशास्त्राच्या काही शाखांत पदव्युत्तर विद्यार्थी नामवंत परिषदांत निबंध देतात, आणि तिथे स्पर्धकांकडे ते असतात म्हणून आपल्याकडे नसणे जाणवते. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर असल्याने चांगला निबंध तिथे वजन टाकू शकतो. काही संस्था मुलाखतीच्या गुणांत प्रकाशनाला वेगळे गुणही ठेवतात. ते माहितीपत्रकात लिहिलेले असते, अर्ज भरण्यापूर्वी वाचावे. या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतो तो तज्ज्ञांनी तपासलेला, स्वतः केलेल्या कामाचा निबंध. अशा निबंधाला परीक्षकांचे शेरे, दुरुस्त्या, पुन्हा शेरे यांत कित्येक महिने जातात. डिसेंबरात अर्ज आणि ऑक्टोबरात लिहायला सुरुवात, हे जमत नाही.

आठवड्यात छापून येते ते काय असते, याचे उत्तर पुण्याने दिलेले आहे. तिथल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली नियतकालिके त्यांनी नमुन्यादाखल तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. मग ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. म्हणजे आज ‘यादीत आहे’ हे उत्तरही उरलेले नाही. नियतकालिक मुलानेच पारखायचे आहे. ‘आयएसएसएन आहे ना’ असे पालक मला सांगतात. तो केवळ नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबरसारखा. गाडी चांगली की वाईट हे त्यावरून कळत नाही. चार दिवसांत स्वीकृती, एकाच अंकात तांदूळ, कबीर आणि जीएसटी, परीक्षकांचा एकही शेरा नाही आणि स्वीकृतीच्याच संदेशात पैशाची मागणी, एवढे दिसले की तिथून परत फिरावे. असा पेपर अर्जात घातला तर जाणकार सदस्य पुढची पाने संशयाने वाचतो. काढून टाकावा म्हटले तरी तो नावासह तसाच राहतो.

म्हणून वारासिवनीतल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. पेपरसाठी पैसे मागायला मूल आले, तर आधी त्याला प्रकल्पाची वही आणायला सांगा. वही असेल तर ती घेऊन त्याच्या सरांकडे जा आणि त्यांना विचारा : शिफारसपत्रात यातले काय लिहाल? वही नसेल तर ते पैसे परीक्षेच्या पुस्तकांना द्या.