खात म्हणजे कात नव्हे

दिवाळीत माझा भाचा आमच्याकडे ताथवड्याला राहायला आला होता. इथल्याच एका कॉलेजात शिकतो. जेवताना सहज म्हणाला, "मामा, वर्गातला एक येमेनी मित्र विचारतोय, त्याचं एक पार्सल तुझ्या पत्त्यावर मागवलं तर चालेल का? हॉस्टेलवाले पार्सलं उघडून बघतात म्हणे." मी विचारलं, काय आहे त्यात? तर म्हणे, "कसली तरी पानं. चहासारखी. खात म्हणतात."

आईला ऐकू कमी येतं. ती म्हणाली, "कात? अरे, कात कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे मिळतो की! येमेनहून कशाला मागवायचा?"

हसलो आम्ही सगळे. पण माझ्या पोटात गोळा आला होता. हे नाव मी वाचलेलं होतं. मुंबईच्या विमानतळावर किंवा कुरियरच्या गोदामात 'ग्रीन टी' म्हणून आलेली पानं पकडली, अशा बातम्या अधूनमधून येत असतात. भाच्याला तिथेच 'नाही' म्हटलं. पण नुसतं 'नाही' या वयातल्या मुलांना पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरलं नाही. म्हणून पुढचे काही दिवस वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो आहे.

आधी आईची शंका. कात खैराच्या लाकडापासून काढतात. खात हे वेगळंच झाड आहे, काथा एड्युलिस. येमेन, इथिओपिया, केनिया या भागातल्या डोंगरउतारांवर ते वाढतं. आपली मालकांगोणी आणि पुण्याच्या टेकड्यांवरचं काटेरी हेकळ ही याच कुळातली. (म्हणून उद्या कुणी हेकळ चघळायला जाऊ नये!) खातला हे शास्त्रीय नाव मिळालं फोर्सकाल नावाच्या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाकडून. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता आणि 1763 साली येमेनमध्येच तापाने गेला. त्या तुकडीतला कार्स्टन नीबूर जहाजाने मुंबईला पोचला. घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढणारा नीबूर तो हाच. सगळ्या मोहिमेतून जिवंत घरी परतला तो एकटा, आणि फोर्सकालची टिपणं त्यानेच 1775 साली छापून काढली. खातचं नाव जगाला कळलं ते असं.

आता त्या पानात असतं काय? येमेनी माणूस दुपारच्या जेवणानंतर मित्रांबरोबर बैठकीला बसतो. कोवळी पानं एकेक करून चावतो आणि चोथा गालात साठवत जातो, आपल्याकडे तंबाखूचा बार धरतात तसा. फरक एवढाच की रस गिळतात. ही बैठक तीन-चार तास चालते आणि तेवढ्यात शंभर-दोनशे ग्रॅम पानं सहज संपतात. ताज्या शंभर ग्रॅम पानांत सरासरी 36 मिलिग्रॅम कॅथिनोन असतं. जागरण, बडबड, हुशारी, भूक मरणं हा सगळा खेळ मुख्यतः या छत्तीस मिलिग्रॅमचा.

कॅथिनोनची घडण अँफेटामाइनसारखीच आहे, साखळीवर ऑक्सिजनचा एक अणू तेवढा जास्त. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन साठवून ठेवतात, गरजेपुरतं सोडतात आणि काम झालं की एका पंपाने परत आत ओढून घेतात. कॅथिनोन या पंपातूनच आत शिरतं आणि त्याची दिशा उलटी करतं. मग साठवलेलं डोपामिन बाहेर सांडत राहतं. तसंच नॉरअॅड्रेनलिनचंही होतं, त्यामुळे नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. माणसाला वाटतं की आपल्याला नवी शक्ती मिळाली. प्रत्यक्षात ती घरातलीच शिल्लक मोडून केलेली चैन असते! म्हणूनच संध्याकाळी बैठक उठल्यावर उदासी येते, चिडचिड होते आणि रात्री झोप लागत नाही.

मग खात म्हणजे अँफेटामाइनची गोळीच का? तर नाही. गोळी एकदम पोटात जाते. पानांतलं कॅथिनोन चावता चावता थोडं थोडं बाहेर पडतं, त्यातलं बरंचसं तोंडातल्याच त्वचेतून रक्तात जातं, आणि रक्तातलं प्रमाण शिखरावर पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात. तोवर यकृत आपल्या परीने ते मोडायला लागलेलं असतं, शिवाय जबडाही दुखायला लागतो. किती खाता येईल याला पानांचा चोथाच मर्यादा घालतो. अपाय नाहीत असं नाही. बद्धकोष्ठ, पोटाच्या तक्रारी, दात खराब होणं ही रोजची रडगाणी. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याला धोका मोठा, आणि अति खाणाऱ्यांपैकी काहींना भ्रम होतात. पण दारू किंवा अफू सोडताना शरीर जसं पेटून उठतं तसं इथे सहसा होत नाही.

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. पान तोडल्यापासून त्यातलं कॅथिनोन कमी व्हायला लागतं. सुकताना ते कॅथिन नावाच्या बऱ्याच सौम्य पदार्थात बदलतं. म्हणून जुड्या केळीच्या पानात गुंडाळून ओल्या ठेवतात आणि दोन दिवसांच्या आत गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात. शास्त्रज्ञांनाही यानेच चकवलं. युरोपात पोचायची ती सुकलेली पानं. त्यात 1887 साली कॅथिन सापडलं आणि सगळ्यांना वाटलं, हेच ते. पण एवढ्या सौम्य द्रव्याने इतका परिणाम कसा होतो हे कोडं राहिलंच. ते सुटलं 1975 साली, संयुक्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळेत ताज्या पानांतून कॅथिनोन वेगळं काढलं तेव्हा.

आता बंदीची गोष्ट. ती सांगायला एडनला जायला हवं, आणि एडन आपल्याला परकं नाही. वासुदेव बळवंत फडके तिथल्या तुरुंगात 1883 साली गेले हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण त्यांना तिथेच का नेलं? कारण एडन तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता! 1839 साली इंग्रजांनी ते घेतलं तेव्हापासून 1932 पर्यंत तिथला कारभार मुंबईहून चाले. उत्तरेच्या डोंगरांतून उंटांवर लादून खात एडनच्या बाजारात यायची आणि सरकार तिच्या विक्रीवर कर घ्यायचं. म्हणजे ज्या सरकारच्या तिजोरीत पुण्या-मुंबईचा अबकारी कर जात होता त्याच्याच हिशेबात खातचंही उत्पन्न होतं. बंदीचा विचार कुणाच्या मनातही नव्हता.

तो आला विमानं आल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर इथिओपियातल्या दिरे दावाहून रोज ताजी खात विमानाने एडनला उतरू लागली. दोन दिवसांत मरणाऱ्या मालाला विमानासारखं वाहन नाही. गोदीवरचा मजूरही रोज खाऊ लागला, घरातला पैसा पानांत आणि वसाहतीतला पैसा इथिओपियात जाऊ लागला. तक्रारी वाढल्या आणि 1957 साली सरकारने एडन वसाहतीत खातवर बंदी घातली.

झालं काय? एडन वसाहत म्हणजे जेमतेम शहर आणि बंदर. हद्द ओलांडली की लाहेजच्या सुलतानाचा मुलूख, आणि तिथे बंदी नव्हती. लोक दुपारी गाड्या भरभरून हद्दीपलीकडे जायचे, तिथे बसून खात चावायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पानं खिशात असतील तर गुन्हा, रक्तात असतील तर नाही! चोरटा माल महाग झाला, म्हणजे ज्या संसारांसाठी बंदी आणली त्यांचाच खर्च वाढला, आणि सरकारचा कर बुडाला. चौकशी आयोग नेमला गेला आणि 1958 मध्ये बंदी उठली.

पुढे स्वतंत्र दक्षिण येमेनच्या सरकारने 1977 साली वेगळा मार्ग काढला. खात फक्त गुरुवारी, शुक्रवारी आणि सणाच्या दिवशी. पूर्ण बंदीपेक्षा हा नियम बराच टिकला, पण 1990 साली उत्तर-दक्षिण येमेन एक झाले आणि तोही गेला.

जगाचा कायदा मात्र पानावर नाही तर रेणूवर बोट ठेवतो. 1986 साली कॅथिनोन आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत गेलं, कॅथिन सौम्य यादीत गेलं, आणि झाड कुठल्याच यादीत नाही. मग प्रत्येक देशाने आपापला अर्थ लावला. येमेन, इथिओपिया, केनियात खुली विक्री. अमेरिकेत कॅथिनोन सापडलं की गुन्हा. ब्रिटनमध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने 2013 साली सांगितलं की बंदी घालण्याइतका अपायाचा पुरावा नाही. तरी 2014 मध्ये बंदी आलीच. आधी नेदरलँड्सने बंदी घातली होती, आणि ब्रिटन आता चोरट्या व्यापाराचं नाकं बनेल ही भीती हे एक मोठं कारण. लाहेजचाच किस्सा, फक्त हद्द मोठी. आपल्याकडे कॅथिनोन अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे ते असलेली पानं मागवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. पार्सलवर ज्याचं नाव आणि पत्ता असतो, पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, त्याच्या घरी त्याचे आजोबा रोज खातात. त्याला यात काही चुकीचं वाटतच नाही." खरं आहे. माझेही आजोबा चंची उघडून दिवसभर तंबाखू मळायचे आणि आम्ही पोरं चुना आणून द्यायचो. त्यांना कुणी परदेशी विमानतळावर चंचीसकट धरलं असतं तर ते काय म्हणाले असते?

"त्याला वाईट ठरवू नकोस," मी म्हटलं, "पण पत्ता देऊ नकोस. आणि त्यालाही नीट समजावून सांग. त्याच्या घरी जी जेवणानंतरची बैठक आहे, ती इथे कोर्टकचेरी आहे. शिवाय एवढ्या लांबून सुकून येणाऱ्या पानांत त्याच्या आजोबांची दुपार काही येणार नाही. त्यात उरेल कॅथिनच जास्त, आणि गुन्हा पुरेपूर."

भाच्याने त्याला ते सांगितलं. पार्सल मागवलंच नाही, असं तो म्हणतो. गेल्या रविवारी त्या मुलाला घेऊन आमच्याकडे जेवायला आला होता. आईने जेवणानंतर त्याच्यासमोर पानाचं तबक ठेवलं. त्याने विडा गालात धरला, हसला आणि बराच वेळ आपल्या गावच्या डोंगराबद्दल बोलत बसला.

कात होता त्यात. भरपूर.