द्विभागी दररचना (एकसारखे ग्राहक)

द्विभागी दररचना ही वस्तू किंवा सेवेचे मोल दोन हिश्श्यांत आकारण्याची पद्धत होय. पहिला हिस्सा ठोक प्रवेशशुल्काचा असतो. तो भरल्यावाचून ग्राहकाला काहीच विकत घेता येत नाही. दुसरा हिस्सा प्रत्येक नगाच्या किमतीचा असतो आणि तो वापराच्या प्रमाणात वाढत जातो. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या सर्वांत सोप्या व मूलभूत रूपाचा विचार केला आहे: विक्रेता एकटाच म्हणजे मक्तेदार आहे, आणि त्याच्या सर्व ग्राहकांच्या आवडीनिवडी व ऐपत अगदी सारखी आहे. अशा मक्तेदाराने प्रवेशशुल्क किती ठेवावे आणि प्रतिनग किंमत किती, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रथमदर्शनी विपरीत वाटते. प्रतिनग किंमत केवळ सीमान्त खर्चाइतकी, म्हणजे आणखी एक नग पुरविण्यास जेवढा जादा खर्च येतो तेवढीच ठेवावी, आणि सगळा नफा प्रवेशशुल्कातून घ्यावा, हे ते उत्तर होय.

## पूर्वपीठिका

दोन हिश्श्यांत दर आकारण्याची कल्पना विजेच्या धंद्यातून पुढे आली. इंग्रज अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी १८९२ साली असे मांडले की, वीजकेंद्राचा बराचसा खर्च यंत्रे सज्ज ठेवण्यात होतो, प्रत्यक्ष वीज निर्माण करण्यात नव्हे. म्हणून ग्राहकाकडून त्या सज्जतेचा आकार वेगळा आणि वापराचा वेगळा घ्यावा. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९४१ साली याच विषयावर निबंध लिहिला. १९४६ मध्ये रोनाल्ड कोझ यांनी सीमान्त खर्चाइतकी किंमत ठेवून उरलेला खर्च ठोक आकारातून भरून काढण्याचा मार्ग सुचविला. या सर्वांचा रोख खर्च भरून काढण्यावर होता.

नफा कमाल करू पाहणाऱ्या मक्तेदाराच्या बाजूने हा प्रश्न वॉल्टर ओइ यांनी १९७१ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकातील निबंधात सोडविला. त्यांनी उदाहरण घेतले ते कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँड या मनोरंजन उद्यानाचे. हे उद्यान १९५५ साली सुरू झाले. त्या काळी तेथे दाराशी प्रवेशाचे पैसे पडत आणि आत प्रत्येक राइडसाठी वेगळे कूपन द्यावे लागे. मालकापुढे दोन टोकांचे पर्याय होते. एक म्हणजे प्रवेश महाग करून राइड फुकट ठेवणे. दुसरा म्हणजे प्रवेश फुकट देऊन प्रत्येक राइडला भरपूर पैसे घेणे. ओइ यांचा निबंध या दोन टोकांमधील योग्य जागा शोधतो. एकसारख्या ग्राहकांचे प्रकरण हा त्या शोधाचा पाया आहे.

## उदाहरण

एक काल्पनिक उद्यान घेऊ. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला दिवसातील पहिल्या राइडचे मोल ९.५० डॉलर वाटते, दुसरीचे ८.५०, तिसरीचे ७.५०, आणि असेच प्रत्येक वेळी एका डॉलरने उतरत दहाव्या राइडचे मोल केवळ ०.५० डॉलर उरते. एक माणूस एकदा बसविण्यासाठी उद्यानाला २ डॉलर जादा खर्च येतो. हाच येथे सीमान्त खर्च.

मालक प्रवेशशुल्क घेतच नाही असे प्रथम धरू. केवळ प्रतिराइड किंमत लावायची तर त्याला ६.५० डॉलर ही सर्वांत फायद्याची पडते. त्या किमतीला ग्राहक चार राइड घेतो आणि मालकाला दर राइडमागे ४.५० प्रमाणे १८ डॉलर नफा होतो. ग्राहकाला या चार राइडचे मोल ३२ डॉलर वाटले होते. त्याने दिले २६. उरलेल्या ६ डॉलरच्या समाधानास ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात. पाचवी ते आठवी या चार राइड मात्र कोणीच घेत नाही. ग्राहकाच्या लेखी त्यांचे मोल १६ डॉलर आणि खर्च ८ डॉलर. म्हणजे ८ डॉलरचा लाभ कोणाच्याच पदरात पडत नाही. मक्तेदारीवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप हाच आहे.

आता दाराशी शुल्क घेण्याची मुभा मालकाला मिळाली. राइडची किंमत ६.५० वरच ठेवून त्याने ६ डॉलर प्रवेशशुल्क लावले, तर ग्राहकाचे सर्व संतोषाधिक्य त्याच्याकडे येते आणि नफा २४ होतो. परंतु येथे थांबणे शहाणपणाचे नाही. त्याने किंमत ४ डॉलरवर आणली, तर ग्राहक सहा राइड घेईल. त्यांचे मोल ४२ डॉलर, राइडपोटी दिले २४, तेव्हा १८ डॉलर शुल्क आकारता येईल. राइडमागे २ प्रमाणे १२ डॉलर वेगळे मिळून नफा ३० होतो. किंमत आणखी उतरवून २ डॉलर केली, तर राइड आठ होतात. त्यांचे मोल ४८, राइडपोटी १६, म्हणून शुल्क ३२. राइडवर आता काहीच सुटत नाही, तरीही नफा ३२ झालेला असतो.

याच्याही खाली गेले तर? राइड फुकट ठेवल्यास ग्राहक दहाही राइड घेतो, त्यांचे मोल ५० होते आणि तेवढे शुल्क द्यायला तो तयार असतो. परंतु मालकाचा खर्च २० होतो आणि नफा पुन्हा ३० वर येतो. शेवटच्या दोन राइड ग्राहकाला २ डॉलर मोलाच्या वाटल्या आणि मालकाला ४ डॉलरला पडल्या. तूट नेमकी तेवढीच आहे.

(राइड अर्धीमुर्धी घेता येत नसल्याने वरील उदाहरणात १.५० ते २.५० यांच्यामधील कोणत्याही किमतीला आठच राइड होतात व नफा ३२ च राहतो. वीज किंवा पाणी यांसारख्या हव्या तितक्या बारीक प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सेवेत ही सवड राहत नाही, आणि किंमत नेमकी सीमान्त खर्चावर येते.)

## असे का घडते

शुल्काची कमाल मर्यादा म्हणजे ग्राहकाला वाटणारे एकूण मोल वजा त्याने नगांपोटी भरलेले पैसे. मालकाचा नफा म्हणजे हे शुल्क अधिक नगांपोटी आलेले पैसे वजा खर्च. दोन्ही विधाने एकत्र ठेवली की नगांपोटी भरलेले पैसे एकदा वजा होतात व एकदा जमा होतात, आणि हिशोबातून नाहीसे होतात. उरते ते एवढेच:

नफा = ग्राहकाला वाटणारे एकूण मोल − एकूण खर्च

याचा अर्थ असा की, प्रतिनग किंमत हे आता कमाईचे साधन राहिलेले नाही. ग्राहकाने किती नग घ्यावेत हे ठरविणे एवढेच तिचे काम. ज्या नगाचे मोल खर्चाहून अधिक आहे तो प्रत्येक नग विकला जावा आणि ज्याचे कमी आहे तो एकही विकला जाऊ नये, असे मालकालाच वाटू लागते. सीमान्त खर्चाइतकी किंमत नेमके हेच साधते.

समाजाच्या दृष्टीने जी किंमत आदर्श, तीच मक्तेदार स्वार्थापोटी निवडतो, हे या निष्कर्षातील कौतुकाचे अंग. दुसरे अंग तितकेसे कौतुकाचे नाही. वाया जाणारे ८ डॉलर वाचले खरे, परंतु ग्राहकाच्या हाती पूर्वी ६ डॉलरचे संतोषाधिक्य होते, ते आता शून्यावर आले. राइड दुप्पट झाल्या आणि त्यांची किंमत ६.५० वरून २ डॉलरवर आली, तरी आत जाणे आणि घरी बसणे त्याला सारखेच. म्हणून फलकावरील प्रतिनग किंमत पाहून मक्तेदारी सौम्य आहे असे अनुमान काढणे फसवे ठरते. परिणामाच्या दृष्टीने ही रचना पूर्ण मूल्यभेदासारखीच आहे. ‘आठ राइड, एकत्रित ४८ डॉलर, घ्या अथवा सोडा’ असे सांगूनही मालकाला हाच नफा मिळाला असता.

## व्यवहारातील मर्यादा

पहिली अट अशी की, माल हस्तांतरणीय नसावा. एकानेच शुल्क भरून शंभर जणांचा माल २ डॉलर दराने बाहेर आणला आणि थोडा नफा घेऊन विकला, तर शुल्क कोणी भरणार नाही. राइड ही जागेवरच उपभोगायची गोष्ट असल्याने तेथे ही भीती नाही. साखरेच्या पोत्यांवर अशी दररचना टिकणे कठीण.

दुसरी अडचण शुल्काच्या मोजमापाची. ग्राहक खरोखरच एकसारखे असतील, तर ३२ ऐवजी ३३ डॉलर शुल्क लावताच एखादा नव्हे, सर्वच ग्राहक पाठ फिरवतात. उलट ३० लावले तर प्रत्येकामागे फक्त २ डॉलरचे नुकसान. चुकीची शिक्षा अशी एकतर्फी असल्याने शुल्क थोडे कमीच ठेवणे इष्ट. दोन्ही दरांतील चुका वेगवेगळ्या ठिकाणी दिसतात. शुल्क जास्त झाले तर दारावर शुकशुकाट होतो. राइडची किंमत जास्त झाली तर दारावर लोक येतात, पण आतील पाळणे अर्धे रिकामे फिरतात.

सीमान्त खर्चात केवळ वीज आणि मजुरी धरणेही अपुरे आहे. पाळणा भरलेला असताना एक माणूस अधिक बसला, तर मागच्या प्रत्येकाचा खोळंबा वाढतो. हाही खर्चच होय. डिस्नेलँडने १९८२ मध्ये राइडची कूपने बंद करून एकाच प्रवेशपत्रात सर्व राइड खुल्या केल्या. कूपने छापणे, विकणे व गोळा करणे यांचा व्याप आणि राइडचा अल्प सीमान्त खर्च पाहता शून्य किंमत समजण्यासारखी आहे. मात्र किंमत शून्य झाली की तिचे काम रांग करू लागते. तेथेच २०२१ मध्ये रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे घेण्याची सोय सुरू झाली. दुसरा हिस्सा अशा रीतीने वेगळ्या नावाने परत आला.

वरील हिशोबात आणखी एक गृहीत दडलेले आहे: शुल्क भरल्याने खिसा हलका झाला तरी राइडची मागणी बदलत नाही. शुल्क उत्पन्नाच्या मानाने लहान असेल तेथे हे चालते. मोठे असेल तेथे संतोषाधिक्याचे मोजमाप बदलावे लागते.

## ग्राहक एकसारखे नसतील तर

ग्राहकांत फरक आला की वरील निष्कर्ष जसाच्या तसा टिकत नाही. समजा, काही ग्राहकांना २ डॉलर किमतीला ३२ डॉलरचे संतोषाधिक्य मिळते आणि काहींना केवळ १० डॉलरचे. शुल्क ३२ ठेवले तर दुसरे येत नाहीत. १० ठेवले तर पहिल्यांकडील २२ डॉलर हातचे जातात. दोन्ही प्रकारचे ग्राहक समसमान असल्यास दर जोडीमागे ३२ विरुद्ध २० असा हिशोब होऊन कमी हौशी गिऱ्हाईक बाहेर राहते. ते तिप्पट असल्यास चौघांमागे ३२ विरुद्ध ४० होऊन सर्वांना आत घेणे परवडते. सर्वांना आत घेतल्यावर बहुधा प्रतिनग किंमत सीमान्त खर्चाच्या थोडी वर ठेवणे फायद्याचे ठरते, कारण अधिक राइड घेणाऱ्याकडून काही वसुली त्या वाटेने होते.

## नियंत्रित सेवांतील वापर

महाराष्ट्रातील विजेच्या देयकात ‘स्थिर आकार’ आणि युनिटनुसार ‘वीज आकार’ अशी दोन कलमे वेगळी दाखविलेली असतात. रचना द्विभागीच आहे; परंतु हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो आणि स्थिर आकाराचा हेतू वितरणयंत्रणेचा कायम खर्च भरून काढणे हा असतो. तेव्हा हे उदाहरण हॉपकिन्सन व कोझ यांच्या परंपरेतील आहे, ओइ यांच्या मक्तेदाराचे नव्हे. शिवाय तेथे युनिटचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो, त्यामुळे एकच प्रतिनग किंमत हे या लेखातील गृहीतही त्यास लागू पडत नाही.