फास्टॅगमधून टोल दोनदा कापला? तक्रार अशी करा

गेल्या महिन्यात एका टोल नाक्यावर माझ्या फास्टॅगमधून ८५ रुपये दोनदा कापले गेले. एसएमएसही दोन आले. पण नुसत्या एसएमएसवर तक्रार करू नका. एसएमएस बऱ्याचदा उशिरा येतो, त्यामुळे जुन्या टोलचा मेसेज आज आला की दोनदा कापल्यासारखं वाटतं.

आधी बँकेच्या फास्टॅग पोर्टलवरून त्या दिवसाचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये डाउनलोड करा. त्यात पैसे वजा झाल्याची वेळ आणि गाडी टोलवर असल्याची वेळ वेगवेगळी असू शकते. आपल्याला दुसरी वेळ बघायची आहे. माझ्या स्टेटमेंटमध्ये एकाच नाक्याच्या दोन नोंदी होत्या: सकाळी १०:१४ आणि १०:१६. दोन मिनिटांत कोणी जाऊन परत येत नाही. झालं असं होतं की लेनवरच्या स्कॅनरने टॅग वाचला, पण दांडा उघडला नाही. म्हणून कर्मचाऱ्याने हातातल्या मशीनने टॅग पुन्हा स्कॅन केला.

दुसरी नोंद काही तासांनंतरची आणि कमी रकमेची असेल, तर ती बहुतेक परतीच्या प्रवासाची असते. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून एकेरी टोलच्या दीडपट रक्कम लागते. ही चूक नाही, त्यामुळे परतावा मिळणार नाही.

तक्रार टोल नाक्यावर नाही, तर ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे करायची. तीच बँक टोल नाक्याच्या बँकेकडे दावा पाठवते. मी पोर्टलवर तक्रारीचा पर्याय निवडून स्टेटमेंट जोडलं आणि एवढंच लिहिलं:

> "माझ्या गाडीचा टोल एकाच नाक्यावर १०:१४ आणि १०:१६ वाजता, प्रत्येकी ८५ रुपये असा दोनदा कापला गेला आहे. गाडी नाक्यावरून एकदाच गेली. दोन्ही व्यवहार क्रमांक खाली दिले आहेत. सोबत स्टेटमेंट जोडलं आहे. दुसऱ्या व्यवहाराचे ८५ रुपये परत जमा करावेत."

गाडी नंबर आणि दोन्ही व्यवहार क्रमांक स्टेटमेंटमधून जसेच्या तसे कॉपी करा. एक अंकही चुकला तर बँकेला नोंद सापडत नाही. स्क्रीनशॉटपेक्षा पीडीएफ बरी, कारण त्यात दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसतात.

तक्रार क्रमांक जपून ठेवा. माझे पैसे फास्टॅगच्याच खात्यात परत आले, म्हणून तुम्हीही बचत खात्याआधी तिथे बघा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा लागतो, आणि तो म्हणजे हाच क्रमांक.