सिमकार्ड कुठल्या देशाचं? पहिले तीन आकडे सांगतात

रत्नागिरी : खेड, दापोली, मंडणगडपासून राजापूरपर्यंत असं गाव क्वचित सापडेल, जिथलं कोणी आखातात किंवा बोटीवर कामाला नाही. माणूस सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर दोन-चार सिमही येतात. वर्षभराने कपाटात तीच कार्डं सापडतात, वरची कंपनीची छपाई पुसलेली, आणि कोणतं कुठलं हे घरात कोणाला सांगता येत नाही. तिकडच्या बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो तेच कचऱ्यात गेलं तर पंचाईत होते. म्हणून ओळखायची रीत माहीत असलेली बरी.

प्रत्येक सिमच्या आत एक ओळख क्रमांक साठवलेला असतो. त्याला आयएमएसआय म्हणतात. तो आपला मोबाईल नंबर नव्हे. साधारण १५ आकड्यांचा असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे आणि उरलेले त्या ग्राहकाचे. देशाचे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवून देतो. पहिलाच आकडा खंडाचा अंदाज देतो. 2 म्हणजे युरोप, 4 म्हणजे आशिया आणि आखात, 6 म्हणजे आफ्रिका.

आपल्याकडे लागणारे आकडे मोजकेच आहेत. भारत 404 आणि 405. दुबई-अबुधाबी म्हणजे अमिरात 424, सौदी 420, कुवेत 419, ओमान 422, बहारीन 426, कतार 427. इथे एक घोळ टाळा. फोन लावताना दुबईला 971 लावतो, तो कोड वेगळा आणि हा वेगळा.

भारताला दोन आकडे का? आपल्याकडे कंपनीला प्रत्येक सर्कलसाठी वेगळा कोड दिला गेला. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळं. 404 च्या पुढे दोन आकड्यांचे शंभरच कोड बसतात, तेवढे पुरणार कसे? म्हणून 405 आलं. जिओची सिमं 405 वाली आहेत आणि त्यांत कंपनीचा कोड तीन आकडी असतो.

आता बघायचं कसं? सिम फोनमध्ये घाला आणि डायलवर हे टाका :

```
*#*#4636#*#*
```

बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चाचणीचा पडदा उघडतो. त्यात फोनच्या माहितीवर गेलात की IMSI असं लिहिलेलं दिसतं. तिथलं दुसरं काही दाबू नका. सिमला पिन असेल तर आधी ती टाकावी लागते. रिचार्ज संपून सिम बंद पडलेलं असलं तरी हा क्रमांक सहसा वाचता येतो, कारण तो कार्डातच असतो.

समजा तीन कार्डं आहेत. पहिल्याचा क्रमांक 40466 ने सुरू होतो. 404 म्हणजे भारत, 66 म्हणजे बीएसएनएल महाराष्ट्र. दुसरा 42402 ने सुरू होतो, म्हणजे अमिरातीतलं एतिसलात. तिसऱ्यात 42003 दिसलं तर सौदीचं मोबिली. दुसरं आणि तिसरं जपून ठेवा आणि ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय फेकू नका.

काही फोनवर हा पडदा उघडतच नाही, नव्या फोनवर क्रमांक लपवलेलाही असतो. मग कार्डावर छापलेला लांबलचक नंबर बघा. तो 89 ने सुरू होतो आणि त्याच्यापुढे फोन लावायचा देशाचा कोड असतो. भारताचं कार्ड 8991, अमिरातीचं 89971. हा आयएमएसआय नव्हे, पण देश कळायला पुरतो. `*#06#` टाकून येणारा नंबर मात्र हँडसेटचा, त्याचा सिमच्या देशाशी संबंध नाही.

दुबईचं सिम रत्नागिरीत चालू केलं की वर इथल्या कंपनीचं नाव येतं, काही फोनवर बाजूला R दिसतो. त्यामुळे घरचे समजतात की सिम इथलंच. पण आतला आकडा 424 च राहतो आणि डेटा चालू ठेवला तर पैसे रोमिंगचे कापले जातात. बोटीवर उलटं होतं. आपलं सिम 404 चंच असतं, पण जहाजावरचं नेटवर्क 901 चं असू शकतं. तो कोड कुठल्याच देशाचा नाही. फोन आपोआप तिथे जोडला गेला तर बिल बघून घाम फुटतो. बंदर सुटलं की फ्लाइट मोड लावलेला चांगला.

प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमवर भलत्याच तिसऱ्या देशाचा कोडही निघतो, कारण विकणाऱ्याने तिथल्या कंपनीकडून सिम घेतलेलं असतं. आणि अनोळखी कॉल आला तर समोरच्याचा आयएमएसआय आपल्याला दिसत नाही, त्यामुळे फसवणारा कुठल्या देशातून बोलतोय हे या रीतीने कळणार नाही. तुमचा पूर्ण क्रमांकही कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. देश-कंपनी विचारायची असेल तर पहिले पाच-सहा आकडे सांगितले की झालं.